कारखाना विस्ताराचं अंतर्गत ऑडिट: ते म्हणतात ६० लाख वाचले, मला ३ कोटी ७० लाख जास्त गेलेले दिसतात

लेखापाळ_मंजिरी

नमस्कार. आमच्या फर्मकडे वाळूज भागातल्या एका कारखान्याचं अंतर्गत ऑडिट आहे. सुटे भाग बनवणारी कंपनी आहे, नाव सांगत नाही. त्यांनी नवीन प्रेस शॉप बांधलं आणि त्या प्रकल्पाचा अहवाल माझ्याकडे आलाय. असा प्रकल्प पहिल्यांदाच स्वतंत्रपणे बघतेय, म्हणून इथे विचारते.

संचालक मंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २४ कोटी मंजूर केले. त्यात सिव्हिल आणि पीईबी शेड ९ कोटी, मशिनरी ११, वीज-कॉम्प्रेसर-फायर वगैरे ३, आणि आकस्मिक खर्चाला १ कोटी. काम ३१ जानेवारी २०२४ ला पूर्ण व्हायचं होतं, झालं ३१ जुलैला. म्हणजे बरोबर २६ आठवडे उशीर.

प्रोजेक्ट टीमच्या तक्त्यात मात्र बजेट २७.२० कोटी आणि खर्च २६.६० कोटी दाखवलाय, खाली हिरव्या रंगात "बचत ६० लाख". २७.२० हे मधल्या काळात "सुधारित" झालेलं बजेट आहे. शिवाय काम झालंय पण बिल यायचंय अशा, आणि उघड्या पडलेल्या ऑर्डरी मी जमवल्या तर आणखी १.१० कोटी निघतात. एकूण २७.७० झाले. मूळ २४ शी ताडलं तर ३.७० कोटी जास्त, म्हणजे साधारण १५ टक्के.

प्रोजेक्ट हेड म्हणाले, "मॅडम, सुधारित बजेटवर एमडींची सही आहे, त्याच्याशीच तुलना करा." तुम्ही काय केलं असतं?

वैशाली_फायनान्स

मंजिरी, तुलना मूळ २४ कोटींशीच कर. सुधारित बजेट ही दुसरी पायरी म्हणून दाखव, पण ते सुरुवात म्हणून घेऊ नकोस. एमडींना किती रकमेपर्यंत वाढ मंजूर करायचा अधिकार आहे, ते अधिकार वाटपाच्या तक्त्यात बघ. मंडळाने २४ ला मान्यता दिली असेल तर २७.२० साठीही मंडळाचा ठराव लागेल. तो आहे का?

दुसरी गोष्ट त्या प्रोजेक्ट हेडना सांग. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ मध्ये मार्च २०२१ ला बदल झाला. ताळेबंदात जे काम अपूर्ण आहे आणि मूळ योजनेपेक्षा लांबलंय किंवा महाग झालंय, त्याचा वेगळा तक्ता द्यावा लागतो. कायद्यातला शब्द मूळ योजनेचा आहे. ३१ मार्च २०२४ ला तुमचं काम दोन महिने मागे होतं. त्या वर्षीच्या ताळेबंदात तो तक्ता आला होता का, हे आधी बघ. आला नसेल तर हा मुद्दा तुझ्या अहवालातून थेट लेखापरीक्षण समितीकडे जायला हवा.

लेखापाळ_मंजिरी

ताई, ठराव नाही. एमडींचा अधिकार मंजूर रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १.२० कोटी. सुधारणा ३.२० ची आहे. आणि त्या ताळेबंदात लांबलेल्या कामांच्या रकान्यात "निरंक" लिहिलंय. हे वाचून पोटात गोळा आला.

जीएसटी_नितीन

आधी हे बघा की हा फरक खरा आहे का. बजेट जीएसटी वगळून केलेलं असतं आणि खर्च जीएसटीसकट नोंदवला जातो, असं मी पाच ठिकाणी पाहिलंय. ९ कोटींच्या सिव्हिलवर १८ टक्के म्हणजे १.६२ कोटी तिथेच गेले. पण त्या भरलेल्या कराचं क्रेडिट घेता येतं! सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सफारी रिट्रीट्स प्रकरणात इमारतही "प्लँट" ठरू शकते असं म्हटलंय. क्रेडिट घ्या, ओव्हररन निम्मा कमी होईल.

वैशाली_फायनान्स

नितीन, निदान बरोबर आहे, पण औषध चुकतंय. त्या निकालानंतर २०२५ च्या वित्त कायद्याने जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(ड) मधला "प्लँट ऑर मशिनरी" हा शब्दप्रयोग बदलून "प्लँट अँड मशिनरी" केला, तोही १ जुलै २०१७ पासून मागे जाऊन. शेडसाठी ती वाट आता बंद आहे. कोणी त्या निकालाच्या जोरावर क्रेडिट घेतलं असेल तर व्याजासकट परत करायची वेळ येईल. मंजिरी, सिव्हिलवर जीएसटी किती नोंदलाय?

लेखापाळ_मंजिरी

१.४४ कोटी. १.६२ नाही. मी हीच चूक समजून बसले होते.

वैशाली_फायनान्स

चूक नसावी. मशीन ज्या पायावर बसतं तो पाया मशिनरीत धरला जातो, त्यावरचं क्रेडिट मिळतं. ९ कोटींपैकी १ कोटीचे मशीन फाउंडेशन असतील तर उरलेल्या ८ कोटींवर १.४४ येतात. पण एक कोटीचे आहेतच हे ड्रॉइंगवरून बघ. शेडच्या खांबांचे फुटिंग मशीन फाउंडेशनमध्ये घातलेले मी पाहिलेत. खांब इमारतीचे, त्यांचं क्रेडिट नाही.

आणि अहवालात हे १.४४ "खर्च वाढला" म्हणून लिहू नकोस. ही रक्कम बजेट केलं त्या दिवशीही ठाऊक होती, कोणीतरी ती धरलीच नाही. ती बजेट बनवण्यातली चूक आहे. ठेकेदाराच्या किंवा साइटच्या माथी मारायची नाही.

सोसायटी_सचिव

आमच्या सोसायटीत पण हेच झालं! गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा अंदाज ६ लाख होता, ठेकेदाराने साडेनऊ घेतले आणि पावसाळ्यात परत गळती. आता सभासद म्हणतात अंतर्गत लेखापरीक्षक नेमा. नेमायचा तर ठराव सर्वसाधारण सभेत लागतो का? कोणी सांगेल का?

बांधकामवाला६४

सचिवसाहेब, तुमचा प्रश्न सहकार कायद्याचा, वेगळा धागा काढा, तिथे नक्की बोलू. फक्त एक सांगतो: गळतीची दुरुस्ती हमी कालावधीत बसते का ते करारात आज बघा, मुदत निघून जाऊ देऊ नका.

मंजिरी, मी ३४ वर्षं साइटवर काढली. कागदावर पैशाची गळती शेवटच्या आकड्यात दिसत नाही, एक्स्ट्रा आयटममध्ये दिसते. किती ऑर्डरी आहेत?

लेखापाळ_मंजिरी

काका, १४ चेंज ऑर्डरी, एकूण २.१० कोटी, जीएसटीसकट. म्हणजे माझा हिशोब असा बसतो: जीएसटी १.४४, चेंज ऑर्डरी २.१०, आयात प्रेसच्या विनिमय दरामुळे ०.६६ आणि विजेच्या कामात ०.५०. हे ४.७० होतात, त्यातला १ कोटी आकस्मिक खर्चातून भागला, उरले ३.७०.

१४ पैकी ९ ऑर्डरींवर मंजुरीची तारीख काम झाल्यानंतरची आहे. हे मी लिहिलंय. त्याच्या पुढे काय बघायचं ते सुचत नाही.

बांधकामवाला६४

सही नंतरची आहे हे लिहिलंस ते ठीक, पण त्याने पैसा परत येत नाही. एक ऑर्डर घे, खणून बघ. वाळूजला खडक लागल्याची ऑर्डर असणारच. तिच्यापासून सुरू कर.

लेखापाळ_मंजिरी

आहे! ऑर्डर क्रमांक ३, "अनपेक्षित कठीण खडक". ३,००० घनमीटर, दर ९०० रुपये, म्हणजे २७ लाख आणि जीएसटी धरून ३१.८६ लाख.

बांधकामवाला६४

आता तीन कागद काढ. पहिला माती परीक्षणाचा अहवाल, बोअरच्या नोंदींसह. दुसरा मोजमाप पुस्तक, ३,००० आला कुठून ते बघायला. तिसरा फाउंडेशनचं ड्रॉइंग.

लेखापाळ_मंजिरी

काढले. माती परीक्षण टेंडरच्या आधीचं आहे. सहा बोअर घेतलेत आणि सगळीकडे साधारण १.२ मीटरला काळा बेसॉल्ट लागलाय. मोजमाप पुस्तकात "डंपर ३०० खेपा × १० घनमीटर" एवढंच आहे. ड्रॉइंगवर ८४ फुटिंग, खड्डा ३ × ३ मीटर, खोली २.५ मीटर. शिवाय प्रेसचे दोन पिट, प्रत्येकी १० × ६, खोली ४ मीटर.

बांधकामवाला६४

झालं की. वही घे. फुटिंगच्या खड्ड्यात वरचे १.२ मीटर माती-मुरूम, खाली १.३ मीटर खडक. ३ × ३ × १.३ म्हणजे ११.७ घनमीटर, गुणिले ८४, साधारण ९८३. पिटमध्ये खडक २.८ मीटर, एकाचे १६८, दोघांचे ३३६. मिळून सुमारे १,३२०. खडक फोडताना खड्डा ड्रॉइंगपेक्षा थोडा मोठा होतोच, म्हणून दोनशे जास्त दे. तरी १,५०० च्या आसपासच येतं.

आता दुसऱ्या बाजूने बघ. डंपरमधला खडक फुटलेला असतो, दगडांत पोकळी असते. ढिगावरून किंवा गाडीवरून कठीण खडक मोजला तर पोकळीचे निम्मे वजा करायची पद्धत सरकारी बांधकामात आहे. ३,००० चे निम्मे १,५००. दोन वेगळ्या वाटांनी तू एकाच आकड्याला पोचलीस. म्हणजे ठेकेदाराने गाडीतलं माप जागेवरचं माप म्हणून लावलं, आणि कोणीतरी ते पास केलं. जास्त गेलेली रक्कम १५.९३ लाख. मात्र लिहिण्याआधी करारात मोजमापाची पद्धत काय लिहिलीय ते वाच. गाडीवर मोजायचं आणि वजावट नाही असं लिहिलं असेल तर तुझा मुद्दा करार चुकीचा केला असा होईल, बिल चुकीचं असा नाही.

लेखापाळ_मंजिरी

करारात "जागेवर, खोदाईपूर्वी आणि नंतर लेव्हल घेऊन" असं आहे. खोदाईनंतरच्या लेव्हलच घेतलेल्या नाहीत. आता तर त्यावर काँक्रीट आहे. काका, पैसे मात्र सहाव्या आरए बिलात दिले गेलेत.

बांधकामवाला६४

आरए बिल हे चालू बिल असतं. अंतिम बिल झालं का? नसेल तर तिथून वळतं करता येतं. पण तुला एक विरोधी बाजूही सांगतो. बीओक्यूमध्ये, म्हणजे टेंडरच्या कामांच्या आणि परिमाणांच्या यादीत, कठीण खडकाचा आयटमच नव्हता ना? म्हणजे ठेकेदाराला खडकाचे पैसे द्यायचेच होते, तो फुकट फोडणार नव्हता. चूक अशी की खडक कागदावर आधीच दिसत असताना बीओक्यूमध्ये घेतला नाही. टेंडरमध्ये आयटम असता तर पाच जणांत स्पर्धा होऊन दर कदाचित ९०० आला नसता. "अनपेक्षित" हा शब्द मात्र खोटा आहे, तो अहवालात खोडून काढ.

दोहाकर

मी ठेकेदाराच्या बाजूने बोलतो, कारण मी कतारमध्ये त्याच खुर्चीत बसतो. मंजुरी नंतरची असली की ऑडिटवाले लगेच संशय घेतात. साइटवर खड्डा उघडा आहे, पाऊस तोंडावर आहे, मालकाचा इंजिनीअर तोंडी सांगतो "फोडून टाका", आम्ही काय सहीची वाट बघत बसायचं? इथे फिडिकच्या आंतरराष्ट्रीय नमुना करारात दावा करायची नोटीस २८ दिवसांत द्यावी लागते, म्हणून आम्ही त्याच दिवशी ईमेल टाकतो. तुमच्या ठेकेदाराने असं काही पत्र पाठवलं होतं का ते बघा. असेल तर सही उशिरा झाली हा मालकाचा दोष आहे.

लेखापाळ_मंजिरी

दादा, तुमचं पटतं. १२ जून २०२३ चं पत्र सापडलं, खडक लागल्याचं त्याच आठवड्यात कळवलंय. ते मी अहवालात घेते. मापाचा मुद्दा मात्र तसाच राहतो ना?

दोहाकर

माप चुकीचं असेल तर चुकीचं. त्यावर मी वाद घालणार नाही.

बांधकामवाला६४

अजून एक, जे मी स्वतः एकदा हुकवलं होतं आणि अजून सलतं. तो फोडलेला दगड गेला कुठे? शेडची जमीन भरायला मुरूम-दगड लागलाच असेल. त्याच ठेकेदाराच्या बिलात "बाहेरून आणलेला मुरूम भराव" आहे का बघ.

लेखापाळ_मंजिरी

आहे. १,०५० घनमीटर, ५५० रुपये दराने.

बांधकामवाला६४

घनमीटरचे ब्रास कर, एका ब्रासला २.८३ घनमीटर. ३७१ ब्रास होतात. बाहेरून गौण खनिज आणायचं तर वाहतूक पास लागतो, महाखनिजवर निघतो. ठेकेदाराकडून पास माग. जेवढ्या ब्रासचे पास, तेवढा मुरूम बाहेरून आला असं मान. बाकीचा कदाचित तुमच्याच खड्ड्यातला माल आहे.

वैशाली_फायनान्स

काका, हे आमच्या ऑडिट प्रोग्रॅममध्ये कधीच नव्हतं. उद्या घालते.

आता उशिराकडे ये, मंजिरी. दंडाचं कलम काय आहे?

लेखापाळ_मंजिरी

आठवड्याला अर्धा टक्का, कमाल ५ टक्के. ९ कोटींवर ४५ लाख. २६ आठवडे उशीर म्हणजे कमाल मर्यादा दहाव्या आठवड्यातच गाठली. प्रोजेक्ट टीमने दंड माफ केलाय, कारण लिहिलेलं नाही. मी उशिराची फोड केली: आमच्या कन्सल्टंटची ड्रॉइंग उशिरा आली ६२ दिवस, खडक २१, ठेकेदाराकडे मजूर नव्हते ५४, उच्चदाब वीजजोडणी ४५. एकूण १८२. म्हणजे ठेकेदाराचे ५४ दिवस, साधारण पावणेआठ आठवडे, ३.८६ टक्के, ३४.७१ लाख वसूल व्हायला हवेत. बरोबर?

दोहाकर

इथे थांबा. दिवस असे बेरजेने जोडता येत नाहीत. १८२ बरोबर जुळले हेच मला खटकतं. ड्रॉइंग नव्हती तेव्हा मजूर असते तरी काय केलं असतं? वीजजोडणीची वाट बघताना ठेकेदाराची फरशी चालू असेल, तर ते ४५ दिवस त्याच्या कामाला अडवत नव्हते. दोन्ही कारणं एकाच वेळी चालू असलेले दिवस वेगळे काढा. साइटवर अडथळ्यांची नोंदवही आहे का? प्रत्येक अडथळा कधी सुरू झाला, कधी संपला, कोणतं काम अडलं?

लेखापाळ_मंजिरी

नोंदवही आहे, पण ऑक्टोबर २०२३ नंतर कोरी. पुढचे दिवस मी मीटिंगच्या इतिवृत्तांवरून काढले.

दोहाकर

मग ५४ हा आकडा अहवालात ठाम लिहू नका. सुरक्षारक्षकांच्या गेट रजिस्टरमध्ये रोजचे मजूर सापडतील. ज्या दिवशी ड्रॉइंग हातात होती आणि तरी मजूर कमी होते, तेच दिवस ठेकेदाराच्या नावावर.

वैशाली_फायनान्स

आणि त्याआधी एक कागद. मुदतवाढीचं पत्र. त्यात नेमकं काय लिहिलंय?

लेखापाळ_मंजिरी

१२ फेब्रुवारी २०२४ चं, दोन ओळींचं. "आपल्या विनंतीनुसार ३१ जुलै २०२४ पर्यंत मुदतवाढ मंजूर करण्यात येत आहे." बस.

वैशाली_फायनान्स

हीच मला भीती वाटत होती. करार कायद्याचं कलम ५५ वाच. मुदत उलटून गेल्यावर उशिराचं काम स्वीकारलं, आणि स्वीकारताना नुकसानभरपाईचा हक्क राखून ठेवत असल्याची नोटीस दिली नाही, तर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. "दंड आकारण्याचा हक्क अबाधित ठेवून" एवढी एक ओळ त्या पत्रात हवी होती. ४५ लाखांचा प्रश्न त्या ओळीत अडकलाय.

जीएसटी_नितीन

पण करारातच दंडाचं कलम असेल तर वेगळी नोटीस कशाला? आमच्या वकिलांनी सांगितलं होतं की कलम ७४ पुरेसं आहे.

वैशाली_फायनान्स

कलम ७४ भरपाई किती मिळेल ते सांगतं, आणि तीही वाजवी, करारातल्या रकमेच्या मर्यादेत. मागायचा हक्क शिल्लक राहिला का, हा ५५ चा प्रश्न. तुमच्या करारात "मुदतवाढ दिली तरी दंडाचा हक्क राहील" असं कलम असेल तर चित्र बदलतं. मंजिरी, पूर्ण करार वकिलांना दे. तुझ्या अहवालात "४५ लाख बुडाले" किंवा "वसूल करा" दोन्ही लिहू नकोस. पत्र कोणी लिहिलं, कायदेशीर विभागाने पाहिलं का, आणि माफीचं कारण कुठेच का नाही, हे लिही.

अजून एक, खर्चात दिसत नसलेला. कर्ज किती?

लेखापाळ_मंजिरी

१६ कोटी, ९.५ टक्के. सहा महिन्यांचं जास्तीचं व्याज धरलं तर ७६ लाख. ते मूळ २४ मध्येही नव्हतं आणि २७.७० मध्येही नाही. वेगळं नोंदवलंय, इमारतीच्या किमतीत मिळवून.

वैशाली_फायनान्स

किमतीत मिळवायचं की नाही हे उशीर कशामुळे झाला आणि त्या काळात काम खरंच चालू होतं का यावर ठरेल. काम बराच काळ बंद असेल तर त्या काळाचं व्याज किमतीत जात नाही. गेट रजिस्टर तिथेही कामाला येईल.

लेखापाळ_मंजिरी

चार दिवसांनी लिहितेय. वाहतूक पास १४० ब्रासचेच मिळाले. उरलेले २३१ ब्रास, म्हणजे ६५४ घनमीटर, बाहेरून आल्याचा कागद नाही. ३ लाख ६० हजार, जीएसटी वेगळा. ठेकेदाराचे सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, मुरूम आमच्याच दुसऱ्या साइटवरून आणला होता." त्या साइटचा पास मागितलाय.

खडकाचे १५.९३ लाख प्रोजेक्ट हेडनी मान्य केले नाहीत. ते म्हणतात लेव्हल नाहीत तर माझं गणितही अंदाजच. अंतिम बिल अजून थांबवलेलं आहे. दुसरं, शेडच्या खांबांचे फुटिंग खरंच मशीन फाउंडेशनमध्ये घातलेले निघाले, २२ लाखांचे, म्हणजे ३.९६ लाख क्रेडिट परत करावं लागेल आणि ओव्हररन तेवढाच वाढेल. ताई, तुम्ही म्हणालात तसंच.

गेट रजिस्टर नोव्हेंबरपर्यंत वाचून झालंय. ड्रॉइंग हातात असून मजूर कमी असलेले आतापर्यंत १९ दिवस.

बांधकामवाला६४

प्रोजेक्ट हेडना सांग, ८४ पैकी तीन-चार फुटिंगशेजारी भराव उकरून खडकाची पातळी बघता येते. अर्ध्या दिवसाचं काम, एक जेसीबी. ते हो म्हणतात की नाही, तेही अहवालात लिही.